गणवेश आणि धार्मिक पेहराव: नववीच्या वर्गात चर्चा कशी घ्यावी?

प्रश्न: "यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात शिकवते. नववीच्या वर्गात हक्क आणि आपलेपणा या घटकात गणवेश व धार्मिक पेहराव यावर चर्चा घ्यायची आहे. वर्गात सगळ्या समाजांची मुलं आहेत. भांडण न होता दोन्ही बाजू कशा येतील? आणि आधी वरून परवानगी घ्यावी का?"

मॅडम, तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. याच घटकासाठी मी एका कार्यालयाला लेखी मार्गदर्शन मागितलं होतं. उत्तर फोनवर आलं: "विषय नाजूक आहे, तुमचं तुम्ही पाहा." लिहून द्यायला कोणी तयार नव्हतं. पुढे एका पालकाने तक्रार केली, तेव्हा मात्र त्याच कार्यालयातून माझ्याकडे लेखी खुलासा मागितला गेला आणि फोनवरचं बोलणं कोणालाच आठवेना. माझा अर्ज आवक नोंदवहीत चढलेला होता आणि शिक्का मारलेली पोच माझ्याजवळ होती, म्हणून निभावलं. तरी ते वर्ष मनस्तापात गेलं. म्हणून माझं मत: परवानगी मागत बसू नका. पाठाचं टाचण मुख्याध्यापकांना द्या, दुसऱ्या प्रतीवर सही-तारीख घ्या, पालक सभेत विषय सांगा आणि इतिवृत्तात नोंद करून घ्या. तुमच्या संस्थेचे नियम वेगळे असू शकतात, ते आधी बघा.

आता वर्गाचं. सुरुवात कर्नाटकातल्या हिजाबपासून करू नका. मुलं घरून बाजू ठरवून येतात. मी दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या एका मुलींच्या शाळेपासून सुरू करतो. तिथल्या दक्षिण भारतीय वंशाच्या एका मुलीने २००४ मध्ये नाक टोचून चमकी घातली. शाळेच्या नियमात कानातल्या साध्या खड्यांशिवाय दागिना चालत नव्हता आणि प्रवेशाच्या वेळी आईने त्या नियमांवर सही केलेली होती. आई म्हणाली, मुलगी वयात आली की चमकी घालायची आमच्या घरची रीत आहे, ही फॅशन नाही. शाळा म्हणाली, धर्माने हे बंधनकारक केलेलं नाही, आणि एकीला सूट दिली तर शिस्त राहणार नाही.

इथे थांबा आणि वर्गालाच निकाल द्यायला सांगा. आपल्याकडे प्रत्येक घरात चमकी असते, त्यामुळे कोणालाही तो "दुसऱ्यांचा" प्रश्न वाटत नाही. शाळेची बाजू मात्र कमजोर मांडू नका. कास्तकाराचं आणि मजुराचं पोर एका बाकावर बसतं, तिथे सारखा कपडा गरिबी झाकतो. हे मुलांना स्वतःच्या अनुभवाने कळतं.

मग निकाल सांगा. २००७ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने म्हटलं की प्रथा सक्तीची नसली, स्वेच्छेची असली, तरी तिला संरक्षण मिळू शकतं. शाळेने वाजवी सवलत द्यायला हवी होती. गणवेश रद्द झाला नाही. सूट मागायची रीत नियमात घाला, असा आदेश झाला.

यानंतर कर्नाटक. तिथल्या उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ ला हिजाब ही इस्लाममधली अत्यावश्यक धार्मिक प्रथा नाही, असं धरून ठरलेला गणवेश सक्तीचा करणारा शासनाचा आदेश कायम ठेवला. गणवेशाच्याच रंगाचा रुमाल चालेल का, ही मधली वाटही मान्य झाली नाही. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ ला दोन न्यायमूर्तींचे दोन निकाल आले. न्या. हेमंत गुप्ता यांनी गणवेशातली समानता धरली. न्या. सुधांशू धुलिया यांनी मुलीची निवड आणि तिचं शिक्षण पुढे ठेवलं; प्रथा अत्यावश्यक आहे का, हे तपासायची गरजच नाही, असं त्यांचं म्हणणं. योग्य पीठ नेमण्यासाठी प्रकरण सरन्यायाधीशांपुढे ठेवायचं ठरलं. म्हणून "कोर्टाने ठरवलंय" असं कोणत्याही बाजूने वर्गात सांगू नका. दोन्ही निकालांतला एकेक मुद्दा फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा. मी वकील नाही, पण एवढं जपायलाच हवं.

चर्चा घसरतेय हे एका खुणेवरून कळतं: "तुमच्या धर्मात तर..." अशी वाक्यं सुरू होतात. तेव्हा लगेच प्रश्न बदला: नियम कशासाठी आहे, त्याचा भार कोणावर जास्त पडतो, मधली वाट आहे का? वर्गात एखादीच मुलगी रुमाल बांधत असेल, तर "तू सांग" असं तिला कधीही म्हणू नका. मला याची फार चीड आहे. ती नववीची विद्यार्थिनी आहे, साऱ्या समाजाची वकील नाही. मतं चिठ्ठीवर नाव न घालता घ्या. आणि हो, मोबाइलवर कोणालाही चित्रण करू देऊ नका. अर्धवट तुकडा गावभर फिरला की खुलासा तुमच्याकडेच मागतील.

शेवटच्या तासिकेला गटांकडून आपल्याच शाळेचा गणवेश नियम लिहून घ्या. त्यात सूट हवी असल्यास अर्ज कोणाकडे, निर्णय किती दिवसांत, कारण लेखी मिळेल का आणि नकार आला तर पुढे कोणाकडे जायचं, हे आलंच पाहिजे. तुळशीची माळ, हातातला गंडा, कडं, रुमाल या सगळ्यांना तोच नियम लावून बघायला सांगा. खरी चर्चा तिथेच होते, तेव्हा त्या तासिकेला वेळ कमी पडू देऊ नका.