नागपूरसारखं कोरडं, वळणारं पिच आणि हिरवं पिच यांत फरक काय? टॉस जिंकल्यावर काय घ्यावं?

मुख्य फरक वेळेचा. हिरव्या पिचवर गवत आणि ओल असते, त्यामुळे शिवणीवर टप्पा पडलेला चेंडू आत-बाहेर हलतो. पण ऊन चढलं की ओल उडते आणि बॅटिंग सोपी होते. म्हणून पहिल्या सकाळचा फायदा उचलायला कॅप्टन बॉलिंग घेतो. कोरड्या पिचचं उलटं. भेगा रुंदावतात, बॉलरच्या बुटांनी माती उकरली जाते आणि चेंडू दिवसागणिक जास्त वळतो, मध्येच खालीही राहतो. तिथे चौथी इनिंग समोरच्याच्या गळ्यात मारायची, म्हणजे आधी बॅटिंग.

नागपूरच्या जामठा मैदानावर 2015 मध्ये आपण हेच केलं. 215 धावा फुटकळ वाटल्या, पण दक्षिण आफ्रिका 79 मध्ये गारद झाली आणि कसोटी तीन दिवसांत आटोपली. (पिचला आयसीसीने ‘खराब’ ठरवलं, ते वेगळं.)

हिरवं दिसलं की बॉलिंगच, असंही नाही बरं का. 2004 मध्ये नागपूरच्याच सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर गवत होतं, तरी ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन गिलख्रिस्टने टॉस जिंकून बॅटिंग घेतली, 398 केल्या आणि 342 धावांनी जिंकला. आणि 2023 मध्ये जामठ्याला ऑस्ट्रेलियाने टॉस जिंकून बॅटिंगच घेतली, तरी डावाने हरले. स्पिन खेळता येत नसेल तर नाणं काय करणार?