सहा मैल मागे असलास तरी वारा बघ

तुझं छोटं सेसना १७२ विमान वजनाच्या ‘लाइट’ वर्गात मोडतं. पुढे ७७७ सारखं ‘हेवी’ उतरत असेल, तर आयकाओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या नेहमीच्या नियमानुसार कंट्रोलर तुला सहा नॉटिकल मैल मागे ठेवतो. तुझ्या जागी एटीआर असतं तर पाच मैल, कारण ते ‘मीडियम’. नव्वद नॉटने सहा मैल म्हणजे चार मिनिटं. बहुतेक वेळा तेवढ्यात पुढच्या विमानाने मागे सोडलेले हवेचे भोवरे विरतात.

पण ‘बहुतेक’ हा शब्द लक्षात ठेव. पंखांच्या टोकांवरून सुटलेले दोन भोवरे मिनिटाला तीनशे ते पाचशे फूट खाली जातात आणि जमिनीजवळ आले की दोन-तीन नॉटने एकमेकांपासून लांब सरकतात. आता बाजूने तेवढाच मंद वारा असेल, तर वाऱ्याकडचा भोवरा धावपट्टीवरच अडकून राहतो. जोराचा वारा त्याला मोडून टाकतो. म्हणून मला सोसाट्यापेक्षा असली शांत संध्याकाळच जास्त खटकते.

अशा वेळी पुढच्या विमानाच्या उतरण्याच्या मार्गाच्या वर राहा, त्याची चाकं कुठे टेकली ते बघ आणि त्याच्या पुढे टेक. तेवढी धावपट्टी उरत नसेल तर सरळ गो-अराउंड कर, म्हणजे न उतरता पुन्हा वर जा.

आणखी एक. ‘पुढचं विमान दिसतंय’ म्हणून व्हिज्युअल अप्रोच, म्हणजे नजरेने बघत उतरणं, स्वीकारलंस की अंतर राखणं तुझ्या गळ्यात पडतं. कंट्रोलर या भोवऱ्यांबद्दल ‘कॉशन, वेक टर्ब्युलन्स’ असा इशारा देईल, पण मैल मोजणार नाही. खात्री नसेल तर नाही म्हण. कोणी रागावत नाही.