ॲक्शन फोटोत दुसरा चेहरा लावला की चिकटवल्यासारखा दिसतो. मोशन ब्लर बॉडीच्याच दिशेने कसा द्यायचा?

अख्ख्या बॉडीची दिशा एकच असते हे आधी डोक्यातून काढा. यावरून माझं ठाण्यातल्या एका स्टुडिओवाल्याशी चांगलंच वाजलं होतं.

रात्रीच्या कबड्डी मॅचचा फोटो होता, मंडळाच्या स्मरणिकेच्या कव्हरसाठी. डिफेंडरने रेडरचा घोटा धरलाय आणि तो मध्यरेषा गाठायला डावीकडे पडतोय, क्षण एकदम भारी पण डोळे मिटलेले, म्हणून त्याच पोराचा आधीच्या रेडमधला शार्प चेहरा लावायचा होता. मालक म्हणाले, "पोरगा डावीकडे चाललाय ना, Angle शून्य टाक आणि मोकळा हो." अरे पण घोटा धरलाय! म्हणजे पाऊल जागेवर आणि अख्खं शरीर त्याच्याभोवती फिरतंय, दार बिजागरीभोवती फिरतं तसं. पाऊल शार्प, कंबर थोडी ओढलेली, डोकं सगळ्यात जास्त.

मी फोटोशॉपच्या Ruler ने मोजलं. घोट्यापासून कंबर ५०० पिक्सेलवर आणि तिथे शॉर्ट्सची पट्टी १४ पिक्सेल ओढली गेलेली. डोकं ९०० वर, म्हणजे त्याच प्रमाणात साधारण २५. दिशा घोटा-डोकं रेषेला काटकोनात. ती रेषा जमिनीशी ४० अंशात होती म्हणून ब्लर ५० अंशात, डावीकडे खाली. आणि मूळ चेहऱ्याच्या कानातल्या बाळीवर लाइट पडून जी रेघ उमटली होती ती तेवढीच लांब, तशीच तिरकी निघाली. अशी चमक चेहऱ्याजवळ सापडली तर गणिताची गरजच नाही, पण हातापायावरची घेऊ नका, ते वेगळेच हलत असतात.

मग नवा चेहरा केस-मानेसकट घेऊन Convert to Smart Object, Motion Blur मध्ये Angle ५०, Distance २५, आणि मास्क त्यानंतर. आधी कापून मग ब्लर केलात तर कडा पारदर्शक होऊन खालचा जुना चेहरा डोकावतो. मास्कमध्ये फक्त भुवया ते ओठ घ्या. केस, कान, हनुवटीची कड मूळचीच ठेवा, ती बॅकग्राउंडमध्ये बरोबर मिसळलेली असते. ब्लरने ग्रेन पुसला जातो, तो शेवटी Add Noise ने परत द्या.

मालकांचं शेवटपर्यंत एकच, गिऱ्हाईकाला चेहरा शार्प लागतो. मग शार्प फ्रेमच निवडा ना! ओढलेल्या खांद्यांवर कोरीव चेहरा बसवला की तो पोरगा पडतोय असं वाटतच नाही, आणि कबड्डी खेळलेल्या माणसाला ते लगेच कळतं.

हां, पॅनिंगचा फोटो असेल, म्हणजे मागचं सगळं ओढलेलं आणि खेळाडू शार्प, तर चेहऱ्याला ब्लर देऊच नका. आणि लावायचा चेहरा आधीच दुसऱ्या दिशेने हललेला असेल तर तो सोडून द्या, वरून कितीही ब्लर दिला तरी पहिली दिशा जात नाही.