अंडी फ्रिजच्या दारात की आत?

फ्रिजच्या दारातच अंड्यांसाठी खाचा असतात. मग ती आत ठेवायला का सांगतात?

दारात बसतात म्हणून खाचा दिल्या आहेत, एवढंच. दूध, पाणी, भाजी यासाठी दिवसातून वीसेक वेळा दार उघडतं आणि दर वेळी बाहेरची गरम हवा आधी दारातल्या वस्तूंना लागते. आतल्या कप्प्यात, मागच्या बाजूला गारवा टिकून राहतो. शिवाय दार आपटलं की अंड्यांना हिसका बसतो, बारीक तडे जातात. झाकणाच्या डब्यात, निमुळतं टोक खाली करून ठेवा. बोथट टोकाशी हवेची पोकळी असते. ती वर राहिली की बलक तिच्यापासून लांब, मधोमध राहतो.

आम्ही गावठी अंडी घेतो. त्यांना माती, कधी शीटही लागलेली असते. आणल्या आणल्या धुऊन ठेवली तर?

नको. कवचाला हजारो छिद्रं असतात आणि कोंबडी अंडं घालताना त्यावर एक पातळ थर चढतो, तो ही छिद्रं बुजवतो. धुतल्यावर हा थर जातो. त्यात नळाचं पाणी अंड्यापेक्षा गार असेल तर आतला भाग आकसतो आणि कवचावरची घाण पाण्यासकट आत ओढली जाते. म्हणजे स्वच्छ करायला जावं आणि नेमकं उलटं व्हावं! अमेरिकेत अंडी धुऊनच विकतात, पण तिथे ती अंड्यापेक्षा गरम पाण्याने धुतात, लगेच सुकवतात आणि पुढे सतत थंडच ठेवतात. आपण कोरड्या फडक्याने पुसावं. फारच माखलेलं असेल तर वापरायच्या क्षणी कोमट पाण्याने धुवावं आणि नीट शिजवावं. तडकलेलं अंडं मात्र घेऊच नये.

दुकानात तर अंडी बाहेरच असतात. मे महिन्यात ३० अंड्यांचा ट्रे आणला, तर किती दिवस चालेल?

त्याच दिवशी फ्रिजमध्ये गेला तर तीन आठवडे निर्धास्त. बाहेर, त्या उकाड्यात, आठवड्याभरात संपवा. एकदा आत ठेवलेली अंडी परत ओट्यावर काढून ठेवू नका. गार कवचावर दव धरतं आणि ओल्या कवचातून जंतूंना आत शिरायला सोपं जातं.

पाण्याची परीक्षा अनेकजण करतात. ग्लासात ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहतं, फार जुनं तरंगतं. आतलं पाणी छिद्रांतून उडून पोकळी मोठी होते, त्याचा हा परिणाम. पण यातून फक्त वय कळतं. पोट बिघडवणारे साल्मोनेला जंतू असलेलं अंडंही तळाशी शांत बसेल आणि त्याला वासही येणार नाही. म्हणून मी शंका आली की अंडं आधी वाटीत फोडते: बलक फुगीर आणि पांढरा भाग त्याला धरून असेल तर ताजं, सगळं पसरलं तर जुनं, कुजका वास आला तर थेट कचऱ्यात.

उकडलेली अंडी जास्त टिकतात ना?

उलट, कमी. उकळताना तो संरक्षक थर जातो. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, न सोलता, आणि आठवड्यात खा. सोललेली त्याच दिवशी.