रक्त चढवण्याआधी पट्टा वाचतात तो कशासाठी

प्रश्न: आई पाच दिवसांपासून ॲडमिट आहे. हातात नावाचा पट्टा आहे, सगळ्या सिस्टर तिला ओळखतात. तरी रक्त चढवायच्या आधी दोघी येऊन पुन्हा नाव विचारतात, पट्ट्यावरचा नंबर वाचतात. ओळखीच्या पेशंटला इतक्या वेळा कशाला विचारायचं?

सिस्टर आईला ओळखतात हे खरं. पण त्या क्षणी त्यांना हातातली पिशवी आईचीच आहे का, हे बघायचं असतं, आणि ते चेहऱ्यावरून कळत नाही. पिशवीवरचं लेबल आणि मनगटावरचा पट्टा शेजारीशेजारी धरून वाचले तरच कळतं.

औषध, रक्त, तपासणीसाठी नमुना किंवा कुठलीही प्रक्रिया, प्रत्येक वेळी पेशंटच्या दोन खुणा जुळवायच्या, असा नियम असतो. एनएबीएच मानांकन असलेल्या रुग्णालयांत तो लेखी धोरणात असावाच लागतो. बहुतेक ठिकाणी या दोन खुणा म्हणजे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक, म्हणजे यूएचआयडी. खाट क्रमांक आणि खोली क्रमांक यांत धरत नाहीत. पंख्याखाली किंवा खिडकीशी जागा हवी म्हणून पेशंट खाटा बदलतात आणि फाइल मात्र जुन्याच खाटेला लटकत राहते. परदेशात दुसरी खूण म्हणून जन्मतारीख सर्रास वापरतात. आपल्याकडे माझा तिच्यावर फारसा भरवसा नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेले कितीतरी लोक एकाच वॉर्डात सापडतील, आणि अनेक आजींना तारीख विचारली तर त्या दुष्काळाचं साल सांगतात. त्यामुळे नंबर महत्त्वाचा, आणि तो शेवटच्या आकड्यापर्यंत वाचायचा.

विचारण्याची पद्धतही ठरलेली असते. "तुम्ही सुनीता पाटील ना?" असं विचारायचं नाही. कमी ऐकू येणारा, गुंगीत असलेला किंवा नुसता भिडस्त माणूसही मान हलवतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारायचं, म्हणजे नाव पेशंटच्या तोंडून येतं. पेशंट बेशुद्ध असेल तर सगळी मदार पट्ट्यावर असते. पट्टा नसेल तर नातेवाइकाकडून ओळख पटवून आधी पट्टा बांधायचा, मगच पुढचं काम.

आता खरी अडचण. खाटेशी केलेली ही तपासणी कितीही चोख झाली तरी एक चूक तिच्या हाती लागत नाही. ती चूक रक्तगटाचा नमुना घेताना होते.

समजा वॉर्डात १२ नंबरला एक सुनीता पाटील आहेत आणि १४ नंबरला दुसऱ्या. रक्त १२ नंबरला चढवायचं आहे. नमुना घेणारा माणूस "सुनीता पाटील?" अशी हाक मारतो, १४ नंबरच्या बाई हो म्हणतात आणि तो त्यांच्या हातातून नळीत रक्त घेतो. मग सिस्टरच्या टेबलाशी येऊन १२ नंबरच्या फाइलमधलं छापील स्टिकर नळीवर चिकटवतो. आत १४ नंबरचं बी पॉझिटिव्ह रक्त, बाहेर १२ नंबरचं नाव. १२ नंबरच्या बाईंचा खरा गट ओ पॉझिटिव्ह आहे. रक्तपेढी नळीतल्या रक्ताचा गट तपासते, बी पॉझिटिव्ह पिशवीशी क्रॉसमॅच करते आणि तो बरोबर जुळतो. पिशवीवर १२ नंबरचं नाव आणि नंबर येतो. संध्याकाळी दोन सिस्टर पट्टा, पिशवी आणि फॉर्म अगदी शिस्तीत जुळवतात आणि सगळं जुळतं, कारण सगळ्या कागदांवर एकच चुकीची गोष्ट लिहिली आहे.

म्हणून नमुना घेताना मी दोन गोष्टींवर अडून बसतो. नळीवर लेबल खाटेशीच लावायचं, रक्त काढून झाल्याबरोबर, पट्ट्याशी ताडून. आधीच लेबल लावलेल्या रिकाम्या नळ्या ट्रेमध्ये घेऊन फिरायचं नाही, आणि नंतर टेबलाशी जाऊनही लावायचं नाही. दुसरी गोष्ट, पेशंटचा गट त्या रक्तपेढीत आधी नोंदलेला नसेल तर वेगळ्या वेळी, पुन्हा ओळख पटवून, दुसरा नमुना घ्यायचा. दोन्हींचे गट वेगळे आले की घोटाळा तिथेच पकडला जातो. एकाच टोचणीत दोन नळ्या भरून एक नंतर पाठवली, तर या नियमाला काही अर्थ उरत नाही, आणि घाई असली की लोक नेमकं हेच करतात. तातडी इतकी असेल की दुसऱ्या नमुन्यासाठी थांबता येत नाही, तेव्हा ओ गटाच्या लाल पेशी देण्याची सोय असते.

चुकीचा गट गेलाच तर काय होतं? ओ गटाच्या माणसाच्या रक्तात बी गटाविरुद्ध प्रतिपिंडं आधीपासूनच असतात. आलेल्या लाल पेशी ती लगेच फोडू लागतात, आणि त्यासाठी अख्खी पिशवी जावी लागत नाही, थोडे मिलिलिटर पुरतात. म्हणून पहिली पंधरा मिनिटं पिशवी सावकाश सोडतात, सिस्टर जवळपास थांबते आणि ताप, नाडी, रक्तदाब पुन्हा मोजते. थंडी वाजणं, कंबर दुखणं, शिरेत जळजळ, छातीत दडपण, गडद लघवी, "मला कसंतरी होतंय" अशी तक्रार, यातलं काहीही झालं तर आधी पिशवी बंद करतात. सुई काढत नाहीत, नवा सेट लावून सलाइन चालू ठेवतात. मग पट्टा आणि पिशवी परत वाचतात, आणि पिशवी सेटसकट, ताज्या नमुन्याबरोबर रक्तपेढीत जाते. भुलीखालच्या पेशंटला तक्रार करता येत नाही. तिथे रक्तदाब उतरणं, जखमेतून रक्त पाझरत राहणं आणि लघवी लालसर होणं यावरच लक्ष ठेवावं लागतं.

ऑपरेशनला आणखी एक मेख आहे. एकदा निर्जंतुक कपडे अंगावर टाकले की मनगट दिसत नाही. म्हणून नाव, नंबर, कुठलं ऑपरेशन आणि कुठल्या बाजूचं, हे भूल देण्याआधी, पेशंट बोलू शकत असतानाच विचारून घेतात.

तुमच्या बाजूने करण्यासारखं म्हणजे पट्ट्यावरचं नाव आजच वाचून बघा. 'सुनिता' आणि 'सुनीता' एवढ्या फरकावरूनही रक्तपेढी नमुना परत पाठवते, आणि ते योग्यच आहे. चूक असेल तर पेनाने दुरुस्त करून घेऊ नका, नवा पट्टा मागा. हाताला सूज आली किंवा सलाइनची जागा बदलायची म्हणून पट्टा कापला, तर तो टेबलावर किंवा खाटेच्या दांड्याला बांधलेला चालत नाही. त्याच वेळी दुसऱ्या हाताला किंवा पायाला नवा बांधायला सांगा. आणि सिस्टर नाव विचारतील तेव्हा आईला बोलता येत असेल तर तुम्ही उत्तर देऊ नका, तिलाच सांगू द्या.