ऑनलाइन सेवेची सात दिवसांची ट्रायल एक दिवस आधीच का संपली?

सात दिवस म्हणजे सात गुणिले चोवीस तास, हे गृहीत धरू नका. काही सेवा तारखा मोजतात, त्याही UTC म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या घड्याळाप्रमाणे, आणि नोंदणीचा दिवस पहिला धरतात.

समजा तुमचं घड्याळ UTCच्या आठ तास पुढे आहे. १० मार्चला सकाळी सातला नोंदणी केलीत, तर UTCप्रमाणे ९ मार्चचे रात्रीचे अकरा वाजलेले असतात. पहिला दिवस तासाभरातच संपला! मग ट्रायल १७ला नव्हे, १६ मार्चला सकाळी आठलाच संपते.

म्हणून सुरुवातीला एवढंच करा:
- नोंदणी होताच बिलिंगच्या पानावरची पुढची तारीख बघा. वेळ आणि टाइमझोन दिला असेल तर तोही टिपा.
- रद्द करायचं असेल तर दोन दिवस आधीचं रिमाइंडर लावा. मात्र रद्द करताच सेवा बंद होते का, ते आधी वाचा.