कट आणि बदलता प्रकाश: चेहरा सरकू नये म्हणून दोन याद्या ठेवा

प्रश्न: लघुपटात स्टंट डबलच्या चेहऱ्यावर मुख्य नटीचा चेहरा बसवतोय (दोघींची लेखी संमती आहे). प्रत्येक शॉट एकेकटा बघितला तर बरा वाटतो. पण कट झाला की पहिल्या चार-पाच फ्रेममध्ये चेहरा सरकत जागेवर येतो. आणि एका शॉटमध्ये मधेच दिवा लागतो, तिथे गालांचा रंग लुकलुकतो. स्मूदिंग वाढवलं तर सरकणं आणखीच वाढतं. काय करू?

उत्तर:

स्मूदिंग वाढवल्यावर सरकणं वाढतं, यातच निदान आहे. चेहऱ्यावरचे बिंदू थरथरू नयेत म्हणून प्रोग्राम आजूबाजूच्या फ्रेमची सरासरी काढतो. कट कुठे झाला हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे नव्या शॉटच्या पहिल्या फ्रेमच्या हिशेबात जुन्या शॉटमधले डोळे-नाक मिसळतात. सरासरीची खिडकी नऊ फ्रेमची आणि मध्यावर धरलेली असेल तर कटच्या दोन्ही बाजूंच्या चार-चार फ्रेम बिघडतात. फक्त कटनंतरच्याच बिघडत असतील तर स्मूदिंग मागच्या फ्रेमवरून पुढे चालणारं आहे. रंगाच्या सरासरीतही हेच होतं, पण तिथे उपाय थोडा वेगळा आहे. म्हणून एकाऐवजी दोन याद्या करा: एक खऱ्या कटची, दुसरी प्रकाश बदलल्याची. बिंदूंचं स्मूदिंग फक्त पहिल्या यादीवर तोडायचं, रंगाचं दोन्हींवर.

याद्या करण्याआधी व्हिडिओचा फ्रेमदर स्थिर करून घ्या. फोनवरच्या चित्रणात तो बऱ्याचदा बदलता असतो, आणि मग कटचा आकडा एका प्रोग्राममध्ये एक आणि दुसऱ्यात भलताच येतो. खाली २५ च्या जागी तुमचा दर घाला. आवाज शेवटी मूळ फाइलमधून जोडा.

```
mkdir frames
ffmpeg -i in.mp4 -vf fps=25 -c:v libx264 -crf 10 -an cfr.mp4
ffmpeg -i cfr.mp4 frames/%06d.png
scenedetect -i cfr.mp4 detect-adaptive list-scenes
```

शेवटची ओळ PySceneDetect या कट शोधणाऱ्या प्रोग्रामची आहे. त्यातला `detect-adaptive` आजूबाजूच्या फ्रेमच्या मानाने बदल मोजतो, त्यामुळे कॅमेरा झटकन फिरला तरी सहसा फसत नाही. नंतर त्याच फाइलवर `detect-content` चालवा. तो दिवा लागला की बऱ्याचदा खोटा कट दाखवतो, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय. दोन्ही निकालांतली प्रत्येक जागा डोळ्यांनी तपासा. चौकट तीच आणि फक्त उजेड बदललेला असेल तर ती नोंद प्रकाशाच्या यादीत टाका. पहिला कट PNG उघडून ताडून घ्याच, कारण कोणी फ्रेम ०पासून मोजतं तर कोणी १पासून. एका फ्रेमची चूकही झटक्यासारखी दिसते.

शॉटनुसार व्हिडिओचे तुकडे `-c copy` ने करू नका. तो कट जवळच्या की-फ्रेमवर पडतो आणि तुकड्याच्या तोंडाशी आधीच्या शॉटच्या फ्रेम येतात, म्हणजे ज्या रोगावर उपाय करतोय तोच पुन्हा मागच्या दाराने आत. PNG एकाच फोल्डरमध्ये राहू द्या आणि फ्रेमच्या आकड्यांवरून शॉट ठरवा.

आता दिव्याचा शॉट. समजा तो ९८ ते २१२ फ्रेमचा आहे आणि १५१ला डावीकडचा दिवा लागतो. डबलच्या मूळ चेहऱ्यावर फक्त त्वचेचा मुखवटा घ्या. डोळे, ओठ, केस वगळा. नाहीतर तोंड उघडलं की दातांमुळे सरासरी हलते आणि गाल उगाच लुकलुकतात. लॅब रंगपद्धतीतला उजळपणा दर फ्रेमला मोजा. समजा १५०पर्यंत तो ३४च्या आसपास आहे, १५१ला ५८ होतो, मग कॅमेऱ्याचं ऑटो-एक्स्पोजर त्याला ओढत १६३पर्यंत ४९वर आणतं. म्हणजे इथे दोन नाही, तीन भाग आहेत. ९८ ते १५० साठी रंगाची एकच सरासरी आणि एकच विचलन वापरा. १६४ ते २१२ साठीही तसंच. मधल्या १३ फ्रेममध्ये मात्र दर फ्रेमचं मोजमाप हवं, फार तर तीन फ्रेमचं हलकं स्मूदिंग, आणि ते १५०मध्ये शिरता कामा नये. पूर्ण शॉटला एकच सरासरी लावली तर दिवा लागण्याआधी चेहरा उजळ आणि नंतर काळपट दिसेल. हिशेब दर फ्रेमला मोकळा सोडला तर हात चेहऱ्यासमोरून गेला तरी रंग बदलेल.

एवढं करूनही एक अडचण उरते. दिवा डावीकडे आहे, सरासरीला दिशा कळत नाही. आकडे जुळतात, पण बसवलेल्या चेहऱ्याचे दोन्ही गाल सारखेच उजळ राहतात. त्यासाठी सरळ केलेल्या चेहऱ्याच्या चौकोनात मूळ आणि नवा, दोन्ही चेहरे रेषीय प्रकाशमूल्यांत आणा आणि भरपूर धूसर करा; गॉसियनचा सिग्मा चेहऱ्याच्या रुंदीच्या सहाव्या भागाइतका ठीक. मूळला नव्याने भागून मिळालेला नकाशा धूसर न केलेल्या नव्या चेहऱ्याला गुणा. गुणक साधारण ०.७ ते १.४ मध्ये अडवा, नाहीतर जळालेल्या उजेडाच्या जागी त्वचा फाटल्यासारखी दिसते. नकाशाची सरासरीही वरच्या तीन भागांप्रमाणेच काढा. सिग्मा फार लहान घेतलात तर डबलच्या नाकाची आणि गालफडांची सावली नव्या चेहऱ्यावर उतरते आणि नटी ओळखू येईनाशी होते. डोकं खूप वळत असेल तर मात्र लांब सरासरी चालत नाही, तिथे पाच-सात फ्रेमचीच ठेवा.

शॉट बदलला की चेहरा ‘दुसऱ्याच बाईचा’ वाटण्याचं कारण बहुतेकदा मुखवट्याची कड असते. कडेचं धूसरपण पिक्सेलमध्ये ठरवलेलं असेल तर ६०० पिक्सेलच्या क्लोजअपमध्ये २० पिक्सेल म्हणजे काहीच नाही, आणि ९० पिक्सेलच्या वाइडमध्ये तेच अर्धा गाल खातं. ते चेहऱ्याच्या रुंदीच्या टक्क्यात ठेवा, पाच-सहा टक्क्यांपासून सुरुवात करा. नटीच्या फोटोंचा संचही सगळ्या शॉटना एकच वापरा.

तपासायला मान वापरा. मान बदललेली नसते, म्हणून तीच खात्रीची पट्टी. मूळ फ्रेममध्ये गाल आणि मान यांच्या उजळपणात जेवढा फरक आहे, जवळपास तेवढाच निकालात हवा. प्रत्येक कटच्या आणि प्रकाशबदलाच्या आधीच्या-नंतरच्या पाच फ्रेमवर हा फरक मूळ आणि निकाल दोन्हींत मोजा. मूळमध्ये नसलेली उडी निकालात एकदम दिसली तर यादी चुकली. निकालातला फरक हळूहळू मूळच्या जागेवर येत असेल तर स्मूदिंग अजून हद्द ओलांडतंय. आधीच्या शॉटमधल्या चेहऱ्याशी रंग जुळवायला जाऊ नका. मूळ चित्रणातच दोन शॉटचा रंग वेगळा असेल तर तो ग्रेडिंगमध्ये सगळ्या चौकटीला मिळून सुटतो, आणि ते काम स्वॅपनंतरचं.

डिझॉल्व्ह असेल तर वरचं काही लागू पडत नाही. तिथे एका फ्रेममध्ये दोन शॉट मिसळलेले असतात, कधी दोन अर्धवट चेहरे सापडतात, कधी एकही नाही. संकलनाआधीचे दोन्ही शॉट मागवा, डिझॉल्व्हच्या लांबीपेक्षा दहा-बारा फ्रेम जास्तीचे घेऊन वेगवेगळे स्वॅप करा आणि मिसळणं पुन्हा संकलनात करा. लघुपट तुमचाच असल्यामुळे ते शॉट मिळायला हरकत नसावी.